सूचक, अनुमोदक आणि एक बादली

रामटेकात गाडी घाण व्हायला ती बाहेर काढावी लागत नाही. ती उभ्या उभ्या होते. गडाकडून लाल माती येते, मनसरच्या हमरस्त्याकडून ट्रकांची धूळ येते, आणि दोन्हींचा थर नीट बसला की त्यावर पंजे उमटवायला वानरं येतात. त्यातही वानरांना धुतलेलीच गाडी आवडते. मळक्या आरशात त्यांना काही दिसत नाही. स्वच्छ आरशात दुसरं वानर दिसतं, आणि मग त्याला समज देणं भाग पडतं. आमच्या स्कीममध्ये आजवर जेवढे आरसे मोडले, ते सगळे गाडी धुण्याचे महिन्याचे पैसे भरणाऱ्यांचेच आहेत.

स्कीम लहानशी आहे. खाली पार्किंग, वर तीन मजले, मजल्यावर सहा फ्लॅट. अठरा कुटुंबांत ११ कार आणि १९ दुचाक्या. या तीस वाहनांना रोज पहाटे साडेपाचला एक पोरगा येऊन पुसतो. कारचे महिन्याला ५०० रुपये, दुचाकीचे १५०. या पैशांत रविवार सोडून रोज ओल्या फडक्याने पुसणं आणि आठवड्यातून एकदा पाण्याने धुणं. कारची आतली सफाई महिन्यातून दोनदा, पण सीटखाली सापडलेली चिल्लर मालकाच्या हातात द्यायची, ही अट तोंडी.

पोराकडे दोन बादल्या, चार फडकी आणि सगळ्या स्कीमचं वेळापत्रक असतं. नागपूरला नोकरीला जाणारे साडेसातला निघतात, म्हणून त्यांच्या गाड्या आधी. शाळेवरच्या मॅडमची स्कूटर त्यानंतर. दुकानवाल्याची कार दहापर्यंत हलत नाही, ती शेवटी. कोण रजेवर आहे, कोणाची बदली झाली, कोणाच्या घरी पाहुणे आले आणि कोण रात्री उशिरा परतलं, हे त्याला गाडीच्या टपावर हात ठेवून कळतं. सचिवांना हीच माहिती मिळवायला सर्क्युलर काढावं लागतं.

काम झाल्याची खूण म्हणून तो कारचे वायपर उभे करून ठेवतो. मालक गॅलरीतून खाली पाहतो, वायपर उभे दिसले की हजेरी लागली. ही पद्धत वर्षभर उत्तम चालली. मग एका थंडीत असं लक्षात आलं की काही गाड्यांचे वायपर उभे आहेत आणि काचेवर कालचीच धूळ आहे. विचारल्यावर पोरगा म्हणाला, "थंडी किती होती नं काकाजी! वायपर तरी उभे केले, बाकीचे पोट्टे तर येऊनच नाही राहिले."

हे सगळं कमिटीच्या परवानगीशिवाय चालू होतं. वॉचमनच्या ओळखीने तो आला, एकाची गाडी धरली, शेजाऱ्याने पाहिली, दुसरी मिळाली. आपल्या स्कीममध्ये आपल्याला न विचारता काही तरी घडतंय, आणि वर ते बरं चाललंय, हे कमिटीच्या लक्षात आलं तेव्हा सभा बोलवण्याशिवाय इलाज उरला नाही.

पहिल्या सभेत परवानगीचा विषय तासाभरात संपायला हवा होता. पोराचा अर्ज, आधारची झेरॉक्स, दोन फोटो, पोलीस पडताळणी, पैसे पाच तारखेच्या आत ज्याने त्याने परस्पर द्यायचे, कमिटी वसुली करणार नाही. सूचक मिळाला, अनुमोदक मिळाला. सचिव "सर्वानुमते" एवढं लिहून मोकळे होणार, तोच तिसऱ्या मजल्यावरचे गुरुजी उभे राहिले. गुरुजींकडे कार नाही. त्यांच्याकडे कात्रणं आहेत.

"बंगळुरूत मार्च २०२४ मध्ये पाणीपुरवठा मंडळाने पिण्याच्या पाण्याने गाडी धुण्यावर पाच हजारांचा दंड लावला," गुरुजींनी वाचून दाखवलं. "त्याच वर्षी मे महिन्यात दिल्लीत पाइपाने गाडी धुणाऱ्याला दोन हजार. आणि आपण काय करून राहिलो? ठराव!"

यावर एकाने खिंडसी तलाव किती मोठा आहे ते सांगितलं. दुसऱ्याने अंबाळ्याचं नाव घेतलं. तलावांच्या गावात राहणाऱ्या माणसाला डोळ्यांना दिसणारं सगळं पाणी आपल्याच टाकीत आहे असं वाटतं. प्रत्यक्षात आमच्या टाकीत थोडं नळाचं, बरंचसं बोअरचं पाणी असतं, आणि एप्रिलपासून वॉचमन फ्लॅटांचे व्हॉल्व्ह सकाळ-संध्याकाळ तासभरच उघडतो.

मग मुद्दा पैशांवर आला, आणि तिथे गुरुजींची बाजू खरोखर भक्कम होती. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे पाण्याचा आकार प्रत्येक फ्लॅटमधल्या नळजोडांची संख्या आणि आकार पाहून लावतात. ज्याच्या घरी नळ जास्त, त्याला आकार जास्त. पार्किंगमधला नळ कोणाच्याच घरात नाही. त्यामुळे त्यातून वाहिलेलं पाणी निमूटपणे सगळ्यांच्या बिलात शिरतं, आणि तेही ज्याच्या त्याच्या नळांच्या हिशेबाने. गुरुजींनी तुळशीसाठी गॅलरीत एक नळ जास्तीचा घेतला होता. म्हणजे स्कीममधल्या कार धुण्याच्या खर्चात तुळशीचा वाटा होता, आणि कारवाल्या जोशीला अंघोळीचा एकच शॉवर असल्यामुळे त्याचा वाटा तुळशीहून कमी होता.

या हिशेबापुढे सभा गप्प झाली. खजिनदार काकाजी तेवढे शांत होते. ते आयुष्यभर बँकेत होते, आणि भांडणापेक्षा बेरीज लवकर संपते असा त्यांचा अनुभव आहे. ते म्हणाले, "मोजून पाहू नं."

दुसऱ्या दिवशी पहाटे काकाजी घड्याळ आणि वही घेऊन पार्किंगमध्ये हजर. त्यांनी आधी पाइप मोजला. नळ पूर्ण उघडून पंधरा लिटरची बादली भरायला मिनिटाहून थोडा कमी वेळ लागला. म्हणजे मिनिटाला साधारण सोळा लिटर. एक कार पाइपाने धुवायला पोराला बारा मिनिटं लागली, आणि त्या बारा मिनिटांत नळ एकदाही बंद झाला नाही. तो टायर घासत होता तेव्हा पाइप शेजारी पडल्या पडल्या गेटकडे वाहत होता. सोळा गुणिले बारा, १९२ लिटर.

मग तीच कार बादलीने. एक बादली धुवायला, एक वरून ओतायला. तीस लिटर. गाडी तेवढीच स्वच्छ. फरक इतकाच की पाइपाने धुतलेल्या गाडीजवळ उभं राहिलेल्याचे बूटही धुतले गेले होते.

काकाजींनी महिन्याचा हिशेब मांडला. रोजच्या पुसण्याला तिसांना मिळून तीन बादल्या, म्हणजे ४५ लिटर. महिन्याचे २६ दिवस धरले तर ११७० लिटर. अकरा कारची आठवड्याची धुलाई तीस लिटरने, महिन्याला चार वेळा, म्हणजे १३२०. दुचाकीला दहा लिटर पुरतात, त्याचे ७६०. एकूण ३२५० लिटर, रोजचे सव्वाशे. शहरी माणसाला दिवसाला १३५ लिटर पाणी लागतं असं सरकारी मापदंड धरतात.

"म्हणजे तीसही गाड्या मिळून एका माणसाएवढंसुद्धा पाणी पीत नाहीत," काकाजींनी निष्कर्ष काढला.

"मग त्या माणसाचा मेंटेनन्स कोण भरणार?" गुरुजी म्हणाले.

प्रश्न रास्त होता. अटी तिथेच ठरल्या: पाइप बंद, बादलीच वापरायची, आणि त्या एकोणिसाव्या कुटुंबाचं पाणी गाडीवाल्यांनी भरायचं. गेल्या उन्हाळ्यात पाच हजार लिटरचा टँकर आम्हाला हजार रुपयांना पडला होता. त्या भावाने ३२५० लिटरचे ६५० रुपये झाले. कारला महिन्याला ४० आणि दुचाकीला १० लावले, तर ४४० अधिक १९० मिळून ६३० जमतात. वीस रुपये कमी पडतात. या वीस रुपयांवर सभा पाऊण तास चालली. शेवटी ते वीस रुपये अध्यक्षांनी स्वतःच्या खिशातून द्यायचं कबूल केलं आणि तसं इतिवृत्तात लिहून घ्यायला लावलं.

पाण्याचा निकाल लागला तसे बाकीचे जागे झाले, कारण आता गाडीवाले अधिकृत पैसे भरणारे झाले होते आणि पैसे भरणाऱ्याला तक्रार सुचते. पहिली तक्रार काळ्या कारच्या मालकाची. उन्हात बोनेटकडे तिरपं पाहिलं की सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी गोल गोल बारीक रेघोटी दिसते. ती आधी नव्हती. पोराचं फडकं खराब, असा आरोप झाला.

आरोप अर्धा खरा होता. फडकं खराब नव्हतं, फडक्यात आमच्या गावाची माती होती. रोज पुसण्याच्या स्वस्त पद्धतीत एक बादली आठ-दहा गाड्यांना फिरते. पहिल्या गाडीची वाळू त्याच पाण्यात पिळली जाते, आणि पुढच्या गाडीवर घासली जाते. शेवटच्या गाडीचा मालक ५०० रुपयांत सगळ्या शेजाऱ्यांची माती लावून घेतो. त्यातून टायर आणि बोनेट एकाच फडक्याने पुसलं, तर ब्रेकचा बारीक लोखंडी भुगाही रंगावर फिरतो. पांढऱ्या गाडीवर हे दिसत नाही, म्हणून पांढऱ्या गाड्यांचे मालक पोरावर खूष असतात.

उपाय पोराला ठाऊक होता. आधी नुसतं पाणी ओतून धूळ खाली सोडायची, मग टपापासून खाली यायचं, फडकं धुवायची बादली वेगळी ठेवायची, चाकांचं फडकं चाकांनाच. पुसायला जाडसर मायक्रोफायबरचं कापड. आणि कपड्यांची पावडर वापरायची नाही, कारण ती मळासोबत पॉलिशही घेऊन जाते. "पण काकाजी, याच्यात पाणी जास्त लागते," तो म्हणाला, "अन् रोज पुसायची गरजच नाही. दोन दिवसांआड केलं तर रंग टिकते."

गाडीच्या भल्याचा सल्ला हाच होता, आणि तोच कोणाला पटला नाही. महिन्याचे पैसे रोजच्या पुसण्याचे आहेत. आपली गाडी पुसायची राहिली आणि समोरच्याची पुसली, हे दृश्य वरच्या गॅलरीतून पाहवत नाही. काळ्या कारवाल्याने शेवटी बोनेटवरच्या रेघा स्वीकारल्या, पण बुधवारचा खाडा स्वीकारला नाही.

दुसरी तक्रार पांढऱ्या ठिपक्यांची होती. बोअरच्या पाण्यात चुन्याचे क्षार असतात. थेंब काचेवर वाळला की पाणी उडून जातं आणि क्षार तिथेच बसतो. डिसेंबरात थेंब वाळायच्या आत फडकं पोहोचतं. मे महिन्यात सूर्य उगवल्या उगवल्या काच तापते आणि थेंब फडक्याची वाट पाहत नाही. ताजा डाग पाणी मिसळलेल्या व्हिनेगरने निघतो, जुना झाला की काचेत मुरून बसतो. म्हणून उन्हाळ्यात कार सात वाजायच्या आत धुऊन कोरडी करायची, आणि एकाच वेळी सगळी भिजवायची नाही, एकेक बाजू धुवायची आणि पुसायची. हे कळल्यावर साडेसातला निघणाऱ्यांनी आणि दहाला निघणाऱ्यांनी सातच्या आतल्या नंबरासाठी जे केलं, त्याला इतिवृत्तात "चर्चा झाली" असं म्हटलं आहे.

दुचाकीवाल्यांचं म्हणणं अगदी साधं होतं. धुतल्यावर मोटरसायकलच्या चेनला ऑइल मारलं नाही तर ती गंजून करकरते, चावीच्या खाचेत पाणी गेलं तर चावी अडते, आणि डिस्क ब्रेक ओला असताना पहिला दाब पकडत नाही. ऑइल कोणाचं, यावर वाद होणार असं दिसताच अध्यक्षांनी चहा मागवला.

सांडपाण्याकडे मात्र कोणाचंच लक्ष नव्हतं. पार्किंगचा उतार कोपऱ्यातल्या खड्ड्याकडे आहे, आणि तो खड्डा पावसाचं पाणी जमिनीत मुरवायला आपणच खणला आहे. त्यापासून बोअर पंधरा पावलांवर. म्हणजे साबणाचं पाणी जमिनीत जातं आणि तिथून आपल्याच टाकीत यायच्या वाटेला लागतं. हे प्लंबरने सहज बोलता बोलता सांगितलं. त्यानंतर धुण्याची जागा गटाराच्या बाजूला हलवली. त्या बाजूला ज्यांची गाडी उभी राहायची, त्यांनी हा निर्णय आपल्याविरुद्ध रचलेला कट आहे असं लेखी कळवलं.

मग पावसाळा आला आणि वर्गणीच्या मुळावरच घाव पडला. आषाढात गाड्या रोज भिजतात, तर पैसे कशाचे? हा प्रश्न रामटेकात विचारला जावा यात एक न्याय आहे. कालिदासाच्या मेघदूतातला रामगिरी म्हणजे रामटेकच, असं महामहोपाध्याय वा. वि. मिराशींनी मांडलं. त्या डोंगरावर यक्षाने आषाढातल्या मेघाला निरोप्याचं काम दिलं होतं. आमच्या स्कीमने त्याला गाड्या धुण्याचं कंत्राट दिलं, तेही बिनपगारी, आणि पोराचे दोन महिन्यांचे पैसे कापायचे ठरवले.

पोराने सभेच्या दारात उभं राहून सगळं ऐकलं. म्हणाला, "पाणी ढग टाकते साहेब, पुसते कोण?" आणि खरोखर, पहिल्या सरीनंतर गाड्यांची जी दशा होते ती उन्हाळ्यात होत नाही. हलका पाऊस टपावरच्या धुळीचा चिखल करतो आणि ठिपक्या-ठिपक्यांनी वाळवतो. रस्त्यावरचा चिखल चाकांच्या वरच्या पोकळीत, दाराच्या खालच्या कडेला साचतो, आणि गंज लागायला तिथूनच सुरुवात होते. जुलैत गाडी वरून कमी आणि खालून जास्त धुवावी लागते. खालून कोणी वाकून पाहत नाही, एवढीच अडचण. तडजोड म्हणून दोन महिने कारला चारशे ठरले. ढगाला बाकीचे शंभर गेले असं धरावं.

खरा घोटाळा पुढच्या एप्रिलमध्ये झाला. टाकी लवकर रिकामी होऊ लागली आणि बोट सरळ बादलीकडे वळलं. नोटीस बोर्डावर सूचना लागली: पुढील आदेशापर्यंत वाहन धुलाई बंद. धुलाई बंद झाली, टाकी रिकामी होत राहिली. गुरुजी म्हणाले, पोरगा रात्री येऊन धुवून जात असेल. काकाजी म्हणाले, "मोजू नं." धुलाई पुन्हा सुरू करून पार्किंगच्या नळावर अर्ध्या इंचाचा मीटर बसवला. वॉचमनने रोज दोनदा आकडा लिहायचा, पोरगा यायच्या आधी पहाटे पाचला आणि तो गेल्यावर नऊला.

महिनाअखेर मीटरने १४ युनिट दाखवले. एक युनिट म्हणजे हजार लिटर. पहाटे पाच ते नऊच्या वेळेतले सगळे आकडे मिळून सव्वातीन युनिटच होते. काकाजींचा बादलीचा हिशेब अगदी तंतोतंत. उरलेले पावणेअकरा युनिट सकाळी नऊपासून दुसऱ्या पहाटे पाचपर्यंतच्या वेळेत गेले होते, म्हणजे रोजचे साडेतीनशे लिटरच्या वर.

नागपूर भागातल्या माणसाला हा आकडा ऐकून पुढचं सांगावं लागत नाही. मे महिन्यात मोठा डेझर्ट कूलर दिवसाला शंभर लिटर सहज पितो. फ्लॅटांचे व्हॉल्व्ह दुपारी बंद असतात. पार्किंगचा नळ टाकीला थेट जोडलेला, चोवीस तास चालू. वॉचमनला विचारलं तर तो आकाशाकडे पाहू लागला. आकाशात तीन गॅलऱ्यांतून तीन पाइप लोंबत होते. एक पाइप तिसऱ्या मजल्यावरून, तुळशीच्या शेजारून, खाली आला होता.

आता यावर वास्तविक एकच न्याय होता. गाड्यांना जसा दर लावला तसा कूलरला लावायचा. काकाजींनी तसा विषय सर्वसाधारण सभेच्या पत्रिकेवर घेतला: "विषय क्रमांक सहा, कूलरसाठी पाणी आकार." मेंटेनन्सची थकबाकी, लिफ्टची दुरुस्ती, गणपतीची वर्गणी अशा विषयांवर आमच्या सभेला जागा पुरत नाही. या सभेला गणपूर्ती झाली नाही. उपविधींप्रमाणे अर्ध्या तासाने तीच सभा पुन्हा भरली, तिला गणपूर्ती लागत नाही. जमलेल्या सात जणांत सहा कूलरवाले होते आणि सातवे काकाजी.

चर्चा खेळीमेळीच्या वातावरणात झाली. कूलर ही चैन नसून आरोग्याचा प्रश्न आहे यावर एकमत झालं. मग सूचक म्हणून गुरुजी उभे राहिले आणि त्यांनी ठराव मांडला की मीटरमुळे पार्किंगच्या नळाचा दाब कमी होतो आणि पोराला बादली भरायला त्रास होतो, सबब मीटर काढून टाकण्यात यावा. गरीब पोराचा एवढा विचार स्कीममध्ये यापूर्वी कोणी केला नव्हता. अनुमोदक पाच होते.

मीटर निघाला. तो आता काकाजींच्या घरी फ्रिजवर आहे. गाड्यांचे कारमागे ४० आणि दुचाकीमागे १० रुपये मात्र चालूच आहेत. काढायचे कसे? ते मोजून लावलेले आहेत.